‘किरकोळ दुरुस्त्या’ करून आलेला डीएचा मसुदा कसा तपासावा

प्रश्न: आमची मुंबई उपनगरातली ४० सदनिकांची सोसायटी पुनर्विकासाला चालली आहे. बिल्डरसोबतच्या डेव्हलपमेंट अ‍ॅग्रीमेंटचा, म्हणजे डीएचा, मसुदा आमच्या वकिलांनी दुरुस्त करून बिल्डरला पाठवला होता. तो परत आलाय. त्यात लाल अक्षरांत ११ बदल आहेत आणि सोबतच्या मेलमध्ये ‘फक्त किरकोळ दुरुस्त्या आहेत, लवकर सही करू’ असं लिहिलंय. मी सेक्रेटरी आहे, वकील नाही. दोन मसुदे ताडून पाहून जोखीम आमच्या अंगावर ढकलली आहे का, हे कसं ओळखायचं?

उत्तर:

ते ११ लाल बदल तूर्त बाजूला ठेवा. लाल दिसतं ते समोरच्याने दाखवलेलं असतं. वर्डमधली बदल टिपण्याची सोय कोणीही मध्येच बंद करून पुन्हा चालू करू शकतो, किंवा काही बदल ‘स्वीकारून’ टाकू शकतो. मग ते साध्या काळ्या अक्षरांत मिसळून जातात. यामागे दर वेळी लबाडीच असते असं नाही. बिल्डरकडे तो मसुदा त्यांचे वकील, कर्ज देणाऱ्या बँकेचे वकील आणि परवानग्यांसाठी पालिकेत धावणारा ऑफिसातला लायझनिंगवाला अशा चार हातांतून जातो, आणि त्यांतला कोणीतरी स्वच्छ प्रिंट हवी म्हणून सगळं स्वीकारून मोकळा होतो. कारण काहीही असो, तुलना तुम्ही स्वतः करायची.

तुमच्या वकिलांनी बिल्डरला केलेला मेल उघडा आणि त्याला जोडलेली फाइलच उतरवून घ्या. संगणकावर त्याच नावाची प्रत असेल ती घेऊ नका, ती नंतर कोणी उघडून बदललेली असू शकते. मग वर्डमध्ये `Review` > `Compare` > `Compare…` असं जा. `Original document` मध्ये तुमची पाठवलेली फाइल आणि `Revised document` मध्ये त्यांची आलेली फाइल निवडा. `More` दाबलं की खाली खुणांची यादी उघडते. तिथली `Formatting` ची खूण काढा, नाहीतर अक्षराचा आकार बदलला तरी पान लाल होईल. बाकी सगळ्या खुणा राहू द्या, विशेषतः `Tables`, `Footnotes and endnotes` आणि `Headers and footers`. त्यांच्या फाइलमध्ये आधीच लाल बदल असल्यामुळे वर्ड एक सूचना देईल, की हे बदल स्वीकारले आहेत असं धरून तुलना करू. त्याला हो म्हणा, तुम्हाला तेच हवं आहे.

आता बदल मोजा. त्यांनी ११ दाखवले आणि तुमच्या तुलनेत १७ निघाले, तर न दाखवलेले ६ सर्वांत आधी वाचायचे. लगेच आरोप करू नका. ‘हे ६ बदल तुमच्या प्रतीत लाल दाखवलेले नाहीत, ते ठेवायचे आहेत का?’ एवढंच लेखी विचारा. उत्तर कसं येतं त्यावरूनही बरंच समजतं.

त्यांनी वर्डऐवजी स्कॅन केलेली पीडीएफ पाठवली असेल तर वर्ड फाइल मागा. मिळेपर्यंत जुनीच पद्धत: एकाने जुना मसुदा मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने नव्यावर बोट ठेवून ऐकायचं, आकडा आला की अंकी आणि अक्षरी दोन्ही वाचायचे. कंटाळवाणं आहे, पण स्कॅनमधून अक्षरं ओळखणारी साधनं आकड्यांतच जास्त चुकतात आणि आपल्याला आकडेच महत्त्वाचे.

यंत्राच्या तुलनेतून दोन गोष्टी निसटतात. परिशिष्टात चित्र म्हणून चिकटवलेला तक्ता किंवा नकाशा तिला वाचता येत नाही. ती पानं डोळ्यांनीच ताडायची. दुसरी गोष्ट कलमांच्या क्रमांकांची. मध्ये एक नवं कलम घुसलं की पुढचे सगळे क्रमांक सरकतात, पण ‘कलम १४.३ च्या अधीन राहून’ असा उल्लेख हाताने टाइप केलेला असेल तर तो तिथेच राहतो आणि भलत्याच कलमाकडे बोट दाखवायला लागतो. त्या ओळीत एक अक्षरही बदललेलं नसतं, त्यामुळे तुलना गप्प बसते. `Ctrl+A` आणि मग `F9` दाबलं की आपोआप पडणारे उल्लेख ताजे होतात. कुठे `Error! Reference source not found.` उमटलं तर तो उल्लेख ज्या कलमाकडे बोट दाखवत होता ते बहुधा उडवलेलं आहे. हाताने टाइप केलेले उल्लेख मात्र एकेक उघडून पाहावे लागतात.

इथवर काम कारकुनी आहे. खरं वाचन आता सुरू होतं, आणि बहुतेक समित्या त्यात एकच गल्लत करतात: मोठा बदल धोक्याचा आणि छोटा बदल किरकोळ असं धरून चालतात. प्रत्यक्षात बिल्डरने दीड पान नवं घातलेलं असतं ते बऱ्याचदा त्याच्या बँकेला हवं असलेलं ठरावीक लिखाण असतं. जोखीम हलते ती व्याख्यांच्या पानावर, तीनचार शब्दांनी. म्हणून प्रत्येक बदलासमोर एकच प्रश्न ठेवा: हा शब्द पुढे कुठकुठे वापरला आहे, आणि तिथे आता काय होतं? `Ctrl+F` करून तो शब्द अख्ख्या मसुद्यात शोधा. ज्या कलमांना कोणी हातही लावलेला नाही, त्यांचा अर्थ तिथे बदललेला सापडेल.

एक नमुना पूर्ण करून दाखवतो. करार इंग्रजीत असतो, मी आशय मराठीत देतो. आकडे सोयीसाठी तुमच्या ४० सदनिकांवर धरतो.

तुमच्या मसुद्यात अशी व्याख्या होती: ‘पूर्णत्वाची तारीख म्हणजे पुनर्वसन इमारतीला महापालिकेने संपूर्ण भोगवटा प्रमाणपत्र दिल्याची तारीख.’ परत आलेल्या मसुद्यात ती अशी झाली: ‘पुनर्वसन इमारतीला महापालिकेने संपूर्ण किंवा अंशतः भोगवटा प्रमाणपत्र दिल्याची तारीख, किंवा इमारत राहण्यायोग्य असल्याचा दाखला प्रकल्पाच्या वास्तुविशारदाने दिल्याची तारीख, यांपैकी जी आधी येईल ती.’ सोबतचं स्पष्टीकरणही पटण्यासारखं असतं, त्यात भोगवटा प्रमाणपत्राला ओसी म्हटलेलं असतं: ‘महापालिकेत ओसी लटकते, तुमचेच सभासद घराबाहेर अडकतात, म्हणून सोय केली.’

आता ‘पूर्णत्वाची तारीख’ शोधा. भाड्याच्या कलमात ती सापडेल: सदनिका रिकामी केल्यापासून पूर्णत्वाच्या तारखेपर्यंत बिल्डर भाडं देईल. महिना ३०,००० रुपये धरले तर ४० सदनिकांचे महिन्याला १२ लाख होतात. वास्तुविशारदाने दाखला दिला आणि ओसी त्यानंतर ८ महिन्यांनी आली, तर त्या ८ महिन्यांचे ९६ लाख जुन्या मसुद्यात बिल्डरने द्यायचे होते, नव्यात ते सभासदांच्या खिशातून जातील. भाड्याच्या कलमात काहीही लाल नाही. पुढे विलंबाच्या दंडाचं कलम आहे, तोही पूर्णत्वाच्या तारखेला थांबतो. बँक गॅरंटी परत करण्याच्या कलमातही हीच तारीख आहे, म्हणजे ओसी हातात नसताना तुम्ही गॅरंटी परत करून बसाल. दोष दुरुस्तीची मुदत याच तारखेपासून मोजायची आहे, म्हणजे कोणी राहायला येण्याआधीच ती संपायला लागेल. ताबा घेण्याच्या कलमात लिहिलं आहे की पूर्णत्वाच्या तारखेनंतर नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत ताबा न घेतल्यास देखभाल खर्च सभासदाचा. ओसी नसलेल्या इमारतीत राहायला जायचं की नाही हा सभासदाचा प्रश्न. नियमित पाणीजोडणीपासून गृहकर्जापर्यंत सगळं तिथे अडतं. गेला नाही तरी खर्च त्याच्याच नावावर पडणार.

आणि प्रकल्पाचा वास्तुविशारद कोणी नेमलेला आहे? बिल्डरने. म्हणजे भाडं, दंड, गॅरंटी आणि दोष दुरुस्ती या चारही नळांची चावी एका दाखल्यात आली आणि तो दाखला देणाऱ्याची फी बिल्डर भरतो. एका व्याख्येतल्या एका वाक्याने हे सगळं झालं.

यावर सरसकट नकार द्यावा असं माझं मत नाही. अंशतः ओसी काही वेळा रास्त असते: विक्रीच्या वरच्या मजल्यांचं काम चालू असतं आणि जुन्या सभासदांचे मजले पूर्ण झालेले असतात. तिथे ‘सर्व ४० पुनर्वसन सदनिका, लिफ्ट, पाणी आणि पार्किंग यांचा समावेश असलेली अंशतः ओसी’ असं लिहून घेतलं तर चालतं. वास्तुविशारदाच्या दाखल्याला मात्र जागा देऊ नका. आणि भाड्याचा प्रश्न वेगळा सोडवायचा असेल तर भाड्याच्या कलमात सोडवा, व्याख्येत नाही. व्याख्या बदलली की तिच्यामागे काय काय ओढलं जातं याचा हिशेब दोन्ही बाजूंना राहत नाही.

यानंतर पाहायचं ते घड्याळ कधी सुरू होतं. ‘बांधकाम ३६ महिन्यांत पूर्ण करू’ हा आकडा दोन्ही मसुद्यांत तोच असतो आणि समितीची नजर त्याच्यावरच खिळलेली असते. सुरुवात मात्र बदललेली असते. तुमच्या मसुद्यात ‘इमारत रिकामी करून दिल्यापासून’ होतं, आता ‘इमारत रिकामी करून दिल्यापासून किंवा प्लिंथच्या वरची सीसी मिळाल्यापासून, जे नंतर घडेल ते’ आहे. सीसी म्हणजे बांधकाम परवानगी, आणि मुंबईत ती टप्प्याटप्प्याने मिळते. आधी प्लिंथपर्यंतची, म्हणजे जोत्यापर्यंतची, सीसी येते आणि पुढची मिळवायची तर एफएसआयचे प्रीमियम आणि इतर शुल्क पालिकेत भरावं लागतं. ते पैसे कधी भरायचे हे बिल्डरच्या हातात आहे. विक्री मंदावली, पैसा अडकला, तर तो प्रीमियम भरायचं लांबवेल आणि करारातलं घड्याळ सुरूच होणार नाही. तुमची इमारत पाडलेली, ४० कुटुंबं भाड्याच्या घरात, आणि करारानुसार अजून एक दिवसाचाही विलंब झालेला नाही. दंड लागू नाही, करार रद्द करण्याचा अधिकार जागा झालेला नाही, बँक गॅरंटीला हात लावता येत नाही.

त्यात ‘आधी’ आणि ‘नंतर’ एवढाच फरक असला तर डोळ्यांवरून सहज निघून जातो. म्हणून मी मसुद्यात ‘जे आधी घडेल’, ‘जे नंतर घडेल’ हे शब्द जिथे जिथे येतात तिथे दोन्ही घटनांपुढे एकेक नाव लिहितो: ही घटना कोणाच्या हातात? दोन्हींपैकी एक जरी केवळ समोरच्याच्या हातात असेल आणि तारीख ‘नंतर’वर ठरत असेल, तर मुदत त्याच्या मर्जीवर आहे. बिल्डर सीसीचा आग्रह सोडत नसेल तर बाहेरची भिंत बांधून घ्या: ‘मात्र कोणत्याही परिस्थितीत इमारत रिकामी करून दिल्यापासून ४२ महिन्यांच्या आत.’ त्यांची एक तक्रार खरी असते: एखादा सभासद घर सोडत नाही आणि कोर्टात जातो. त्या दाव्यात गेलेला काळ वगळायला हरकत नाही, पण तेवढाच काळ, आणि बाकीच्यांचं भाडं चालू ठेवून.

तिसरी जागा म्हणजे अपरिहार्य परिस्थितीचं कलम, ज्याला सगळे फोर्स मेज्यूर म्हणतात. तुमच्या यादीत भूकंप, पूर, युद्ध, बांधकामावर सरकारी बंदी असं असेल. परत येताना त्यात ‘परवानग्या मिळण्यातील विलंब, साहित्य किंवा मजुरांची टंचाई, बाजारातील प्रतिकूल परिस्थिती’ अशी शेपटी लागते आणि सुरुवातीला ‘यांसह, परंतु एवढ्यापुरते मर्यादित नाही’ असे शब्द येतात. या बदलाला समित्या फारसा विरोध करत नाहीत, कारण कोविडनंतर हे कलम सगळ्यांना रास्तच वाटतं.

इथे कायदा काय देतो ते माहीत असलं तर बदलाचं वजन कळतं. करार पाळणं महाग पडलं म्हणून कोणी सुटत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली एनर्जी वॉचडॉगच्या प्रकरणात हे स्पष्ट केलं. इंडोनेशियातला कायदा बदलल्यामुळे आयात कोळसा महागला, म्हणून वीज कंपन्यांना करारातून सूट हवी होती. न्यायालयाने ती नाकारली. पण त्याच निकालात दुसरी बाजूही आहे: करारातच या विषयाचं कलम असेल तर आधी ते कलम पाहायचं. म्हणजे बाजार पडला हे कारण कायद्याने बिल्डरला मिळालं नसतं, ते तुम्ही करारात लिहून देता आहात. नव्या इमारतीत विक्रीच्या सदनिका विकल्या न जाण्याची जोखीम बिल्डरने घ्यायची, त्याबदल्यात त्याला नफा, हा पुनर्विकासाचा मूळ सौदा आहे. ‘बाजारातील प्रतिकूल परिस्थिती’ हे तीन शब्द ती जोखीम उचलून सभासदांच्या मुदतीत ठेवतात. नफ्यातला वाटा मात्र तुमच्याकडे येत नाही. हे शब्द काढाच. परवानग्यांच्या बाबतीत ‘विकासकाने सर्व शुल्क आणि कागदपत्रं वेळेत दिली असतानाही झालेला विलंब’ एवढं मान्य करा. शिवाय या कलमाखाली मुदत वाढली तरी भाडं थांबत नाही, असं एक वाक्य घाला. जुन्या मसुद्यात ते वाक्य असेल आणि नव्यात नसेल, तर तो सर्वांत महागडा बदल ठरू शकतो. वगळलेलं वाक्य सगळ्यात शेवटी लक्षात येतं. तुलनेत नुसत्या खोडलेल्या ओळींवरून एक स्वतंत्र फेरी मारा.

खोडलेल्या ओळींत ‘वेळ हा या कराराचा गाभा आहे’ हे वाक्य दिसलं तर थांबा. नव्या वकिलांना ते जुनाट ठोकळा वाटतं, पण भारतीय करार कायद्याच्या कलम ५५ मध्ये त्याला काम आहे. वेळ गाभा असेल आणि ती पाळली गेली नाही, तर दुसऱ्या पक्षाला करार रद्द करण्याचा पर्याय मिळतो. गाभा नसेल तर फक्त नुकसानभरपाई. त्याच वेळी दंडाच्या कलमात ‘विलंबासाठी हाच एकमेव उपाय राहील’ अशी भर घातलेली असली, तर दोन्ही मिळून काय झालं ते पाहा. अर्धवट सोडून दिलेल्या इमारतीचा बिल्डर तुम्ही बदलूच शकत नाही, महिन्याचा ठरलेला दंड मागत बसायचं. आणि कलम ७४ प्रमाणे करारात ठरवलेली रक्कम ही भरपाईची कमाल मर्यादा असते, त्याहून जास्त नुकसान झालं तरी त्यावर जाता येत नाही. एकेक बदल वेगळा वाचला तर दोन्ही साधे वाटतात. म्हणून खोडलेलं आणि जोडलेलं एका कागदावर शेजारी शेजारी उतरवा.

बँक गॅरंटीचं कलम बहुतेक वेळा तसंच असतं: अनिवर्ती, विनाअट, मागणी करताच देय. सोसायट्यांच्या पुनर्विकासाबाबतच्या ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयात प्रकल्प खर्चाच्या २० टक्के गॅरंटीचा उल्लेख आहे, त्यामुळे मुख्य कलमाला कोणी सहसा हात लावत नाही. तुम्ही मागच्या परिशिष्टातला गॅरंटीचा नमुना उघडा. बँक पैसे देते ते त्या नमुन्यावरून, तुमच्या करारावरून नाही. तिथे ‘विकासकाचा कसूर लवादाने ठरवल्यानंतर’ एवढं वाक्य आलेलं असलं, तर गॅरंटी विनाअट राहिली नाही. लवाद संपायला लागतील तेवढी वर्षं ती गोठली, आणि नमुन्यातच गॅरंटीची मुदत ३६ महिन्यांवर संपत असेल तर निकाल येईपर्यंत ती मेलेली असेल. विनाअट गॅरंटीच्या पैशांना कोर्ट फसवणुकीसारखं अपवादात्मक कारण असल्याशिवाय सहसा स्थगिती देत नाही, म्हणूनच समोरच्याला अट घालण्यात एवढा रस असतो. आणि ‘शासन निर्णय आहेच, करारात नसलं तरी चालेल’ या भरवशावर राहू नका. उच्च न्यायालयाने या निर्णयातल्या सूचना मार्गदर्शक स्वरूपाच्या असल्याचं म्हटलेलं आहे. हातात धरायला करारच हवा.

छोट्या शब्दांबद्दल थोडक्यात सांगतो. ‘करील’चं ‘करण्याचा सर्वतोपरी प्रयत्न करील’ झालं की वचन संपलं. ‘जीएसटी विकासक भरेल’चं ‘जीएसटी लागू कायद्यानुसार भरला जाईल’ झालं की कोण भरणार हे उघडं राहिलं, आणि उघड्या जागेचं बिल सहसा ताब्याच्या दिवशी सभासदाच्या हातात पडतं. ‘सोसायटीच्या लेखी संमतीने’ मधला ‘लेखी’ गेला की एखाद्या मीटिंगमधली मान डोलावणीही संमती ठरवता येते.

आता एक वेगळी तुलना, जी जवळजवळ कोणी करत नाही. तुम्ही ताजा मसुदा मागच्या मसुद्याशी ताडत आहात. पण तुमच्या सभासदांनी मत दिलं होतं ते विशेष सर्वसाधारण सभेत वाचलेल्या ऑफर पत्राला. त्या पत्रातला चटईक्षेत्राचा टक्का, कॉर्पसची रक्कम, दर वर्षी भाडेवाढ, स्थलांतराचा खर्च, एकेक पार्किंग हे सगळं आजच्या मसुद्यात उतरलं आहे का? हे घसरण्याचं कारण साधं असतं. पहिला मसुदाच बिल्डरच्या ऑफिसात तयार होतो, काही मुद्दे पहिल्यापासूनच त्यात नसतात, आणि मग मसुद्याची मसुद्याशी कितीही तुलना केली तरी ते दिसत नाहीत, कारण दोन्हीकडे ते नाहीतच. शेवटच्या पानांवर ‘हा करार म्हणजे पक्षांमधील संपूर्ण समझोता असून आधीची सर्व पत्रं, ऑफर आणि बोलणी रद्द समजावीत’ असं कलम असतं. त्यावर सही झाली की ऑफर पत्र दाखवून फारसं काही साधत नाही. लेखी कराराच्या अटींविरुद्ध तोंडी पुरावा भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम ९५ सहसा चालू देत नाही, आणि आधीचं लेखी पत्र तुम्ही स्वतःच रद्द केलेलं असतं. म्हणून ऑफर पत्रातली प्रत्येक ओळ घ्या आणि तिच्यापुढे कलमाचा क्रमांक लिहा. ज्या ओळीपुढे क्रमांक सापडला नाही ती मसुद्यात घालायची, किंवा ऑफर पत्रच परिशिष्ट म्हणून जोडायचं आणि विसंगती आल्यास ऑफर पत्र वरचढ ठरेल असं लिहायचं.

उत्तर पाठवताना मसुद्यावर शेरे मारत बसू नका, एक तक्ता करा: कलम क्रमांक, आमच्या मसुद्यातलं वाक्य, तुमचं वाक्य, त्याचा परिणाम, आमचं म्हणणं. परिणामाच्या रकान्यात विशेषणं नकोत. ‘हे अन्यायकारक आहे’ असं लिहिलंत तर त्यांचे वकील उत्तरादाखल दुसरं विशेषण पाठवतील. ‘कलम १.१४ मधील बदलामुळे कलम ७ चं भाडं, कलम ९ चा दंड आणि कलम १२ ची गॅरंटी ओसीआधीच संपतात. ८ महिन्यांच्या अंतराला ९६ लाख’ असं लिहिलं की चर्चा आकड्यावर येते आणि तिथे सोसायटीची बाजू भक्कम असते. त्याच तक्त्यात सोडून देण्यासारखेही बदल मांडा: बँकेला हवी असलेली कलमं, पत्ते, नोटीस पाठवायची पद्धत. बिल्डरच्या विक्रीच्या वाट्यावर त्याला कर्ज काढायचं असतं, ती परवानगी रास्त आहे. फक्त तारण पुनर्वसन सदनिकांवर आणि सोसायटीच्या जमिनीच्या मालकीवर चढत नाही ना, एवढं त्या दीड पानात शोधा.

पुढच्या फेरीपासून फाइल तुमच्या वकिलांकडेच राहू द्या. बदल त्यांनी टाइप करायचे, बिल्डरने सुचवायचे. ते शक्य नसेल तर `Review` > `Restrict Editing` मध्ये जाऊन `Tracked changes` निवडा आणि पासवर्ड घालून पाठवा. पासवर्ड तोडता येत नाही असं नाही, पण मग केलेला बदल नजरचुकीने झाला असं म्हणता येणार नाही.

शेवटची तुलना नोंदणीच्या आधीची. मान्य झालेला मसुदा आणि सब-रजिस्ट्रारकडे जाणारी छापील प्रत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मधल्या दिवसांत टायपिस्ट, मुद्रांक आणि परिशिष्टांची जुळवाजुळव होते. छापायला जाणारी पीडीएफ आदल्या दिवशीच मागून घ्या, ती मान्य मसुद्याशी पुन्हा ताडा, आणि त्याच पीडीएफची प्रिंट तुमच्याकडे ठेवून नोंदणी कार्यालयात पानागणिक जुळवत सही करा. परिशिष्टांची पानंसुद्धा त्यात धरा, विशेषतः गॅरंटीचा नमुना आणि प्रत्येक सभासदाच्या क्षेत्रफळाचा तक्ता. नोंदणी झाल्यावर चूक सापडली तर दुरुस्तीपत्र करावं लागतं, आणि त्यावर बिल्डरचीही सही लागते.